तळटीप : चालता मध्यक

* पायथनच्या `heapq` मध्ये सर्वांत लहान आकडा वर राहतो. `low` या खालच्या अर्ध्या गटातला सर्वांत मोठा आकडा हवा, म्हणून लेखकाने त्यातले आकडे ऋण करून ठेवले आहेत. हे चिन्ह एके ठिकाणी विसरले तरी कोड मुकाट चालतो, मध्यक मात्र चुकतो. ५, १५, १ आल्यावर `low` मध्ये १ व ५, `high` मध्ये १५; मध्यक ५. आता ३ आला. तो थेट `high` मध्ये टाकला, तर ५ पेक्षा लहान असूनही वरच्या गटात बसेल. म्हणून तो आधी `low` मध्ये जातो आणि तिथला सर्वांत मोठा ५ `high` कडे सरकतो. मध्यक ३ आणि ५ यांची सरासरी, ४. जुने आकडे वगळायचे असल्यास ही रचना अपुरी पडते. हीपमधला एखादा आकडा शोधायला ती सगळी चाळावी लागते. — संपा.