पुणे २ म्हणजे नक्की कुठे?

एका जुन्या लिफाफ्याचा फोटो माझ्याकडे आला. १९६५ साली पुण्याहून इंदूरला गेलेलं पत्र. ज्यांना आलं त्यांची नात आता जर्मनीत असते आणि तिला मराठी वाचता येत नाही. आजीच्या मैत्रिणीच्या घरी कुणी असेल तर त्यांना ही पत्रं परत द्यायची आहेत, म्हणून आधी पत्र टाकायचं होतं. मागच्या बाजूला शाईने लिहिलेला पत्ता असा: मैत्रिणीचं नाव, ‘द्वारा श्री. जोशी’, घराचा आकडा, ‘सदाशिव पेठ, चिमण्या गणपतीमागे, पुणे २’. (नाव आणि आकडा इथे गाळला आहे, आडनाव बदललं आहे.)

आधी आकडा. मराठी १ परक्या डोळ्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ आठसारखा. तिने तो तसाच वाचून ठेवला होता. फोटो मोठा करून आकडा सुटा सुटा वाचला, आणि त्याच हाताने पत्रावर घातलेल्या तारखेतल्या १शी ताडून पाहिला. हस्ताक्षर वाचताना ही युक्ती कामाला येते: जिथे अर्थ ठाऊक आहे तिथलं अक्षर घ्यायचं आणि अडलेल्या अक्षराशेजारी ठेवायचं.

मग प्रश्न आला, रस्ता कुठे आहे? जर्मन पत्त्यात रस्त्याचं नाव, त्यामागे घराचा आकडा, आणि खालच्या ओळीत शहराच्या आधी पोस्टाचा क्रमांक येतो. पेठेतल्या या पत्त्यात रस्ताच नाही. घरांचे आकडे रस्त्याला नाही, पेठेला दिलेले आहेत. ‘अमुक सदाशिव पेठ’ हा त्या पेठेतल्या घराचा क्रमांक आहे. शेजारचा आकडा शेजारच्या दारावर सापडेलच असं नाही, तो पलीकडच्या बोळातही निघतो. म्हणूनच ‘चिमण्या गणपतीमागे’ लिहावं लागतं. भाषांतरात हे शब्द शोभेचे समजून गाळले, तर पोस्टमनच्या हातातली खूणच गेली.

‘द्वारा श्री. जोशी’ हेही तसंच. वाड्यात बरीच बिऱ्हाडं असत, आणि भाडेकऱ्याच्या पत्त्यात मालकाचं नाव येई. मैत्रीण जोशी नव्हती, ती जोशींच्या वाड्यात राहत होती. दोन्ही नावं ठेवायची, पण क्रम उलटा करायचा नाही, नाहीतर पत्र जोशींना लिहिलंय असं होईल.

राहिला ‘पुणे २’. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच, आणि संस्कृतचे पंडित. वेगवेगळ्या भाषा-लिप्यांतले पत्ते आणि सारख्या नावांची गावं, यांतून वाट काढायला आकडा बरा. सहा अंकांतला पहिला विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वेगळं करण्याचा जिल्हा, आणि शेवटचे तीन पत्र वाटणारं पोस्ट. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४११ म्हणजे पुणे.

त्याआधीही मोठ्या शहरांत टपालाचे विभाग होते, आणि पिन कोडने ते मोडले नाहीत. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या जुन्या प्रकाशनांवर ‘पुणे ४’ असतं. आज तिचा पिन ४११००४ आहे. म्हणजे मागचे तीन अंक जुन्या विभागाचेच. मग ‘पुणे २’ म्हणजे ४११००२, झालं?

नाही झालं. जुन्या पुस्तकांवर सदाशिव पेठेपुढे कधी ‘पुणे २’ सापडतं, नंतरच्या पुस्तकांवर ‘पुणे ३०’. वाटपाची हद्द बदलली, पेठ जागची हलली नाही. आज सदाशिव पेठेचा पिन ४११०३० आहे. नियम लावून ४११००२ लिहिलं असतं, तर पत्र आधी दुसऱ्याच पोस्टात गेलं असतं. जुना विभाग ही फक्त खूण. आजचा पिन पेठेच्या नावावरूनच शोधायचा.

शेवटी तिला जो क्रम दिला तो असा, सगळा रोमन अक्षरांत, कारण पहिली छाननी जर्मनीत होणार. पहिल्या ओळीत नाव. दुसरीत ‘द्वारा’ आणि जोशी. तिसरीत घराचा आकडा आणि सदाशिव पेठ. चौथीत चिमण्या गणपतीमागे. पाचवीत पुणे, आणि पिन त्याच्या नंतर, जर्मन सवयीप्रमाणे आधी नाही. त्याखाली महाराष्ट्र. सर्वांत खाली एकटं, मोठ्या अक्षरांत, ‘इंडिया’. जर्मनीतल्या पोस्टाला तेवढीच ओळ लागते. वरच्या ओळी भारतात वाचल्या जातात, आणि त्याही खालून वर: आधी पिन, मग पेठ, मग दार.

पोस्ट बरोबर पत्र वाड्याच्या जागेपर्यंत नेईल. तिथे आता वाडा असेल की फ्लॅट, ते लिफाफा सांगत नाही. म्हणून तिला म्हटलं, मागे तुझा पत्ता नीट लिही. त्या नावाचं कुणी तिथे उरलं नसेल, तर परत आलेला लिफाफाच तेवढं कळवेल.