पाच पानांवर बोललेला हुकूम

व्हिस्टमध्ये हुकूम कुणी बोलत नसे. वाटणाऱ्याचं शेवटचं पान उघडं करायचं. ते ज्या रंगाचं, तो हुकूम. पुढे त्याच घराण्यातल्या ब्रिजमध्ये हुकूम ठरवणं खेळाडूच्या हाती आलं, पण सगळी तेरा पानं पाहून झाल्यावर. इराणमधला ‘होक्म’ आणि आपल्याकडचा कोटपीस यांनी तिसरीच रीत धरली. पाच पानं वाटून थांबायचं, हुकूम बोलणाऱ्याने तेवढ्यावर रंग सांगायचा, मग उरलेली आठ पानं चार-चार करून वाटायची. इराणात हुकूम बोलणाऱ्याला ‘हाकेम’ म्हणतात आणि पहिली उतारीही त्याचीच.

या रीतीने खेळ दोघांचा झाला. हाकेम अर्धवट माहितीवर निर्णय घेतो आणि तो निभावायला त्याला समोरच्या भिडूची तेरा पानं लागतात.

समजा, हातात बदामचा राजा, अठ्ठी, चव्वी आणि इस्पिकचे एक्का-राजा आले. नवखा इस्पिक बोलतो, कारण मोठी पानं तिथे आहेत. मी बदाम बोलेन. इस्पिकचे एक्का-राजा हुकूम नसले तरी बहुधा हात आणतातच. बदामची अठ्ठी-चव्वी मात्र हुकूम झाल्याशिवाय कवडीमोलाची. शिवाय बदामची दहा पानं अजून बाहेर आहेत. पुढच्या आठ पानांत त्यातली दीड-दोन आपल्याकडे आणि पावणेतीनच्या आसपास भिडूकडे येतील, असा सरासरी हिशोब. म्हणजे तेरापैकी सात बदाम आपल्या जोडीकडे. हा अंदाज कधी फसतोही: उरलेल्या आठात एकही बदाम आलं नाही, तर सगळा भार भिडूवर पडतो.

बोलायला बंदी, म्हणून बेत पानांतूनच कळवावा लागतो. हाकेमने इस्पिकचा एक्का उतरला आणि मग राजा. दुसऱ्या फेरीला भिडूकडे इस्पिक नसेल, तर हात आपलाच असल्याने तो हुकूम वाया घालवत नाही. नको असलेलं किलवर टाकतो. त्यातून हाकेमला दोन गोष्टी कळतात: भिडू इस्पिकला हुकूम मारू शकतो, आणि त्याचा जोर बहुतेक चौकटमध्ये आहे. आता तिसरं इस्पिक हाती असेल तर तेच उतरायचं. इथे घाईने बदाम ओढले, तर भिडूचेच हुकूम गळतात. प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणी राजावरच हुकूम मारला, तर मात्र बेत बदलून, हात परत मिळताच बदाम ओढायला हवेत.

तेरापैकी सात हात झाले की डाव जिंकला. होक्ममध्ये समोरच्यांना एकही हात न देता सात केले तर कोट, त्याचे दोन गुण. हाच कोट हाकेमच्या जोडीवर बसला, तर अनेक ठिकाणी समोरच्यांना तीन गुण मिळतात.