संसर्ग नियंत्रण परिचारिकेचे पत्र

वॉर्डातल्या सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशींना उद्देशून लिहिलेले कामकाजी पत्र. त्याचा आधार म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत सांगितलेले हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण. लघवीच्या कॅथेटरबाबत त्यांतले दोन विशेष सांभाळायचे: नळीला हात लावण्यापूर्वीचा आणि लघवी हाताळल्यानंतरचा.

सकाळची युरोबॅग रिकामी करण्याची फेरी पाहावी. ग्लोव्हज तेच, मग तोच, आणि खाटांमागून खाटा उरकल्या जातात. मगाची कड पिशवीच्या तोटीला लागते. एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याच्या पिशवीत जातात आणि नळीच्या आतून मूत्राशयाकडे चढतात. ग्लोव्हजने काम करणाऱ्याचे हात वाचतात, पुढचा रुग्ण नव्हे.

म्हणून प्रत्येक खाटेपाशी २० ते ३० सेकंद हँडरब, नवे ग्लोव्हज आणि त्या रुग्णाचे वेगळे भांडे घ्यायचे. तोटी भांड्याला टेकू द्यायची नाही. ग्लोव्हज काढल्यावर पुन्हा हँडरब.

नुसती गढूळ लघवी म्हणजे संसर्ग नव्हे. ताप किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर डॉक्टरांना कळवावे. कल्चरचा नमुना नळीच्या सॅम्पलिंग पोर्टमधून घ्यावा, पिशवीतून कधीच नाही. आणि रोजच्या राउंडला विचारावे, ‘ही नळी आज काढता येईल का?’