हप्तेबंद विक्री : नफ्याची नोंद व परत घेतलेला माल

सिंगर शिलाई मशीन कंपनीने १८५६ साली अमेरिकेत हप्त्यांवर यंत्रे विकायला सुरुवात केली. माल आज हाती, पैसे महिन्यामहिन्याने. पण नफा झाला कधी मानायचा? वसुलीची खात्री नसेल, तर येणाऱ्या प्रत्येक रुपयाबरोबर नफ्याचा त्या प्रमाणातला वाटा नोंदवणे, हे हप्तेबंद विक्रीच्या हिशेबपद्धतीचे उत्तर. अमेरिकेत १९६६ साली हिशेबनियमांनी ती अशा अपवादात्मक विक्रीपुरतीच ठेवली.

समजा, ३०,००० रुपये खर्चाचे यंत्र ४०,००० ला विकले. ढोबळ नफा २५ टक्के. ग्राहकाने २४,००० भरले, म्हणजे ६,००० नफा नोंदला गेला. मग हप्ते थांबले.

बाकी येणे १६,०००. त्यातले ४,००० म्हणजे अजून न कमावलेला, स्थगित नफा. उरलेले १२,००० ही दुकानदाराची न सुटलेली मूळ किंमत. यंत्र परत आणले. ते १२,००० ला विकता येईल, पण दुरुस्तीला १,००० आणि पुनर्विक्रीचा खर्च व नेहमीचा नफा धरून १,५०० वजा करावे लागतील. म्हणून वहीत ते ९,५०० ला घ्यायचे. येणे आणि स्थगित नफा दोन्ही खोडले, की तोटा उरतो २,५००.

इथे हमखास चूक होते. १६,००० मधून थेट ९,५०० वजा करून ६,५०० तोटा दाखवला जातो. जो नफा कधी नोंदलाच नव्हता, तो बुडाला असे त्यात धरलेले असते. फरक नेमका ४,००० चा निघाला, की स्थगित नफ्याचे खाते मिटवायचे राहिले हे ओळखावे.