कवटी, विडा आणि औषध

आमच्या काकांचा पानमळा आहे अंजनगाव सुर्जीला. (हो, तेच अंजनगाव, जिथे ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. इतिहासाच्या पुस्तकात आम्हाला मिळालेलं एकुलतं एक वाक्य!) मागच्या पावसाळ्यात काका मळ्यात चिखलात घसरून पडले आणि तो फोटो त्यांनी स्वतःच घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याचं उत्तर आलं: 💀💀💀. पाच मिनिटांत मला काकांचा फोन. "काहून रे, त्या पोट्ट्यानं मले कवट्या काहून पाठवल्या? मी मेलो काय?"

काकांना समजावता समजावता मीच विचारात पडलो. कवटी हसायला कधी लागली?

आम्हा कोडवाल्यांच्या दृष्टीने गोष्ट साधी आहे. कवटी आणि हाडांचं जुनं चिन्ह ☠, म्हणजे U+2620, युनिकोडमध्ये १९९३ पासून आहे. नुसती कवटी 💀, म्हणजे U+1F480, २०१० च्या ६.० आवृत्तीत आली. पण युनिकोड फक्त नाव आणि नंबर देतं, अर्थ वापरणारे देतात. इंग्रजी बोलणारी पोरं आधीपासून 'मेलो' म्हणत होती, म्हणजे हसून हसून मेलो. आपणही म्हणतोच की. मग वाक्यातलं 'हसून' गळलं, नुसतं 'मेलो' उरलं, आणि त्या 'मेलो'च्या जागी चित्र आलं. त्यात 😂 इतका वापरला गेला (२०१५ साली ऑक्सफर्डने त्यालाच वर्षाचा शब्द ठरवलं होतं) की तो पाठवला म्हणजे माणूस हसलाय यावर कोणाचा विश्वास बसेना. आई-मावश्या तो वापरायला लागल्यावर तर पोरांना तो नकोच झाला. साधारण २०२० च्या आसपास त्याची गादी कवटीने घेतली. नाणं झिजलं की जास्त वजनाचं नाणं काढायचं, आणि मरणाहून वजनदार काय आहे?

हे काही नवीन नाही. 'मरणाचं ऊन', 'मरणाची गर्दी', 'भयंकर आवडलं' हे आपण बोलतोच, आणि त्यात ना मरण असतं ना भय. 'खूप' घ्या. फारसीतल्या 'खूब'चा अर्थ चांगला. मराठीत तो 'पुष्कळ' झाला आणि 'चांगला' असा पुसला गेला की 'खूप वाईट' म्हणताना आपली जीभ जरासुद्धा अडखळत नाही.

पण प्रत्येक वेळी मूळ अर्थ मरतोच असं नाही. दरबारात तबकात विडा ठेवायचे आणि जो तो उचलेल त्याने कामगिरी घेतली असं समजायचे. अफझलखानाने असाच विडा उचलला असं बखरी सांगतात. आज वर्तमानपत्रात कोणी स्वच्छतेचा विडा उचलतं तेव्हा त्यात पान नसतं. तरी अंजनगावात विडा म्हणजे विडाच, कारण वस्तू रोज हाताखालून जाते. गोठला तो फक्त 'विडा उचलणे' हा वाक्प्रचार.

खरा बदल ओळखायचा कसा? मूळ अर्थाने बोलताना लोक तो शब्द टाळायला लागले की. याचं आमच्या वऱ्हाडातलं उदाहरण जरा कडू आहे. कीटकनाशकाला आमच्याकडे 'औषध' म्हणतात, पिकाचं औषध. एखाद्याबद्दल "तो औषध पेला" असं ऐकलं की पुढे कोणी काही विचारत नाही, सरळ निघतात. म्हणून तापाचं औषध घेतलं असेल तर माणूस 'गोळ्या घेतल्या' किंवा 'दवाई घेतली' म्हणतो. बरं करणारा शब्द मारणारा झाला. कवटीचा प्रवास बरोब्बर उलटा.

आणि दोघं भेटतात कुठे, तर औषधाच्या डब्यावर. कायद्याने डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. त्यातल्या फक्त लालवाल्यावर, म्हणजे सगळ्यात जहाल औषधावर, कवटी आणि हाडं छापतात. अक्षर न येणाऱ्या गड्यालाही ती कळावी म्हणूनच ती आहे. काकांनी आयुष्यभर कवटी पाहिली ती तिथे आणि विजेच्या खांबावर.

दिवाळीला सगळी लेकरं गावी जाणार होती. आधी दोन दिवस काकांनी ग्रुपवर लिहिलं: "नवं औषध आणलं 💀 पडवीत आहे. लेकरायले हात लावू देऊ नका." पुतण्याने खाली तीन कवट्या टाकल्या. आणखी एकाने 😂. त्यांना वाटलं काका पण आता शिकले!

मी पुतण्याला फोन केला. त्याने आधी विचारलं, "औषध? काकांना बरं नाही का?" मग एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने तीन कवट्या डिलीट केल्या. काकांनी डबा पडवीतून काढून मळ्यातल्या खोलीत कुलपात ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, "ठेवला." या वेळी चित्र टाकलं नाही.