लोकरी माव्याचा माग

बारामती-इंदापुराच्या ऊसकरी मुलखाला कीड ही काही नवलाची गोष्ट नव्हे. खोडकिडा, कांडीकिडा, हुमणी यांची नावे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. पण २००२ सालच्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली जी पांढरी लोकर दिसू लागली, ती जुन्याजाणत्यांनाही अनोळखी होती. बंगालात आणि ईशान्येकडे या किडीची ओळख जुनी. आपल्या पठारावर मात्र ती नवखी. लोकांनी तिला नाव दिले 'लोकरी मावा', आणि ते शास्त्रज्ञांच्या लॅटिन नावापेक्षा शंभरपट बोलके आहे.

हा मावा पानाच्या खालच्या अंगाला, मधल्या शिरेलगत दाटीवाटीने बसतो आणि रस शोषतो. नराची गाठ पडल्यावाचूनच मादी जिवंत पिले देते, त्यामुळे एका पानावर पाहता पाहता शेकडो जीव होतात. त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. वर पांढरे, खाली काळे, अशी त्या उसाची कळा होते. सोळा-अठरा महिने सांभाळलेला आडसाली ऊस असा काळवंडला, की घरातले लग्न पुढे जाते की राहते, इथवर हिशेब येतो.

मावा पुढच्या काही महिन्यांत सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर अशा जिल्ह्यांत पोचला. सांगलीपासून बारामती सरळ रेघेने सुमारे दीडशे किलोमीटर. जेमतेम दोन मिलिमीटरचा हा जीव एवढी मजल मारतो कसा? पंख फुटलेला मावा वाऱ्यावर जातो, हे खरे. पण आणखी एक वाहन होते, आणि ते आपणच हाकत होतो. उसाचे वाढे! तोडणीच्या वेळी शेंड्याची हिरवी पाने मोळ्या बांधून जनावरांसाठी गावोगाव विकली जातात. त्या पानांवर बसून मावा फुकट प्रवास करी. कुठल्या गावी तो वाऱ्याने आला आणि कुठे गाडीने, हे ओळखायचे तर दर आठवड्याला नकाशावर ठिपके मांडण्यावाचून गत्यंतर नाही.

किडीचा असा माग काढण्याची विद्या मुळात टोळधाडीपायी वाढली. लंडनमध्ये बोरिस उवारोव्ह यांनी १९२९ नंतर देशोदेशीच्या टोळांच्या खबरा नकाशांवर गोळा केल्या. आपल्याकडे १९३९ साली टोळधाडीची आगाऊ सूचना देणारे खाते निघाले. महाराष्ट्रात आठवड्याच्या पाहणीची शिस्त बसली ती विदर्भातल्या सोयाबीनचा २००८ साली अळ्यांनी फडशा पाडल्यावर. २००९ पासून 'क्रॉपसॅप' या योजनेत काही शेते कायमची ठरवून आणि काही दर खेपेला बदलून पाहू लागले. पण टोळ आकाशात दिसतो. मावा पान उलटल्याशिवाय दिसत नाही, आणि इथेच सगळी गोम आहे.

बारामती-इंदापुराचा नकाशा घ्या. दक्षिणेला निरा नदी, उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, आणि मधून १८८५ साली सुरू झालेला निरा डावा कालवा. माव्याचे ठिपके टाकले की ते कालव्याच्या कडेने ओळीने उभे राहतात. पाहणाऱ्याला वाटते, कीड कालव्याच्या पाण्याने पसरली! वास्तविक ऊसच कालव्याकाठी असतो, मग मावा दुसरीकडे दिसणार कुठून? म्हणून पहिली गोष्ट अशी, की ठिपक्यांच्या आधी ऊस मांडावा. त्यासाठी नवी मोजणी लागत नाही. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाची नोंद असते. तीत गट नंबर, लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र सगळे सापडते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जिथे पाहिले आणि मावा नव्हता, तिथे रिकामे वर्तुळ काढायचे. हे कंटाळवाणे काम कोणाला आवडत नाही, पण त्यावाचून नकाशा लबाडी करतो. समजा, पहिल्या आठवड्यात बारा शेते पाहिली आणि एकात मावा आढळला. गावात बोभाटा झाला, म्हणून दुसऱ्या आठवड्यात तीस शेते पाहिली आणि तिनांत तो आढळला. ठिपके तिप्पट झाले म्हणून कोणी औषधाच्या दुकानाकडे धावेल. पण बारांत एक म्हणजे शेकडा आठ, आणि तिसांत तीन म्हणजे शेकडा दहा. वाढले ते मुख्यतः आपले पाहणे. तिसऱ्या आठवड्यात तीच तीस शेते पुन्हा पाहिली आणि नवांत मावा निघाला, तर मात्र कीड खरोखर चालून आली म्हणावे.

आता त्या नऊ ठिपक्यांतले आठ पहिल्यांना चिकटून आहेत आणि नववा आठ किलोमीटर पलीकडे एकटाच आहे असे धरू. मधल्या साऱ्या वर्तुळांचे पोट रिकामे. मावा वाऱ्याने आला असता तर त्या दिशेच्या आणखी चारदोन शेतांत तरी त्याचे तुरळक पुंजके सापडायला हवेत. ते नाहीत, आणि शेताच्या ज्या कोपऱ्यावर गोठा आहे तिथेच लोकर दाट आहे, तर मालकाला विचारावे, "तात्या, वैरण कुठली आणली?" अशा एका प्रश्नाने जे कळते, ते शंभर ठिपक्यांनी कळत नाही. वाऱ्याला आवरता येत नाही. वाढ्याची मोळी थांबवता येते, आणि लागण झालेल्या फडातली पाने बाहेर नेऊ नका असे सांगणे त्यासाठीच होते.

ठिपक्याच्या तारखेवरही आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. सापडल्याची तारीख ही आल्याची तारीख नव्हे. पानाखाली दोनचार पांढरे पुंजकेच असतील तर पाहुणा नवा; खालची पाने काजळीने काळी झाली असतील तर तो बराच आधी येऊन बसला आहे, आणि आज लागलेला ठिपका मागल्या आठवड्यांत सरकवावा लागतो. उंच आडसाली उसात आत शिरवत नाही, म्हणून बांधावरून पाहणाऱ्याला फडाच्या मध्यातला मावा उशिरा दिसतो. आणि ऊस तुटून गेला, तर त्या शेताला रिकामे वर्तुळ काढू नये. तिथे 'तुटला' असे लिहावे, नाहीतर ऐन तोडणीच्या दिवसांत कीड हटल्याचा भास होतो. ढगाळ, दमट हवेत हा मावा फोफावतो आणि उन्हाळ्याच्या तलखीत ओसरतो. उन्हाने केलेले काम फवारणीच्या नावावर जमा करण्याची घाई नको.

या नकाशावर एक तिसरी खूणही लागते, फुलीची. माव्याच्या पाठोपाठ त्याला खाणारेही फडांत आढळू लागले. 'डिफा' नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या पुंजक्यात जाळे विणून त्याखाली निवांत जेवते. 'मायक्रोमस' हा नाजूक जाळीदार पंखांचा कीटकही मावाच खातो. जिथे हे दिसले तिथे फवारा मारला, तर मावा मरतो आणि राखणदारही मरतात, आणि पुन्हा येतो तो मावा एकटाच. फुली असलेल्या फडाला म्हणून हात लावायचा नाही. पुढे तर अशा फडांतली अळ्या असलेली पाने तोडून, जिथे नुसते ठिपके होते तिथल्या उसावर नेऊन अडकवण्याची रीतच पडली. मोळी तीच, रस्ता तोच. या खेपेला मात्र आत प्रवासी दुसरा होता.