कांद्याचे मूळ ते सेपरेज : ॲनाफेजच्या प्रारंभाचा शोध (१९३८-२०००)

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालयांत पेशीविभाजनाचे प्रात्यक्षिक कांद्याच्या मुळाच्या टोकावर केले जाते. त्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते आणि या जुळ्या प्रती, म्हणजे भगिनी क्रोमॅटिड, एकमेकींना चिकटून राहतात. ॲनाफेजमध्ये त्या एकाच वेळी विलग होतात. त्यांना तर्कूतंतू ओढून तोडतात की त्यांचा बंध आधीच सुटतो, या प्रश्नाच्या इतिहासाचा प्रस्तुत निबंधात आढावा घेतला आहे.

लेव्हान यांचे निरीक्षण

१९३८ मध्ये स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी कांद्याच्या मुळांवर कोल्चिसीनचा प्रयोग केला. या द्रव्यामुळे तर्कू तयार होत नाही. गुणसूत्रे विखुरलेलीच राहिली. तरीही काही काळाने क्रोमॅटिड विलग झाले आणि एकाच केंद्रकात ३२ गुणसूत्रे आली. म्हणजेच विलगीकरणासाठी तर्कूची ओढ अनिवार्य नव्हती. मात्र ते घडायला विलंब का लागतो, हे अनुत्तरित राहिले.

विलंबाचे कारण

१९९१ मध्ये दोन अमेरिकन गटांनी यीस्टवर बेनोमिल वापरले. हे बुरशीनाशक द्राक्षबागायतदारांना परिचित असलेल्या कार्बेन्डाझिमच्या कुळातील असून तेही तर्कू मोडते. सामान्य यीस्टपेशी अशा वेळी थांबतात. काही उत्परिवर्तित पेशी मात्र न थांबता विभाजित होऊन मरतात. त्यातून ली व मरे यांना ‘मॅड’, तर हॉइट व सहकाऱ्यांना ‘बब’ ही जनुके सापडली. त्यांची प्रथिने तर्कूला न जोडलेल्या गुणसूत्राची वर्दी देतात आणि सीडीसी-२० या प्रथिनाला अडवून धरतात. शेवटचे गुणसूत्र जोडले गेले की ही अडवणूक उठते. मग सीडीसी-२० च्या साहाय्याने सिक्युरिन नष्ट होते आणि त्याने रोखून धरलेले सेपरेज हे विकर मोकळे होते.

निर्णायक प्रयोग

क्रोमॅटिडांना कोहेसिन हे कड्यासारखे प्रथिनसंकुल बांधून ठेवते. त्यातील एक घटक ॲनाफेजच्या प्रारंभी कापला जातो, असे उलमान व नॅस्मिथ यांच्या व्हिएन्नातील गटाने १९९९ मध्ये दाखवले. परंतु केवळ हा छेद पुरेसा आहे का? २००० मध्ये त्यांनी त्या घटकात तंबाखूवरील एका विषाणूच्या विकराला ओळखता येईल असे छेदस्थान बसवले. सीडीसी-२० अभावी थांबलेल्या यीस्टपेशीत त्यांनी ते विकर निर्माण करवताच क्रोमॅटिड विलग होऊन विरुद्ध ध्रुवांकडे गेले. पेशीचे स्वतःचे सेपरेज तेव्हा बंदिस्तच होते.

निष्कर्ष

ॲनाफेजचा प्रारंभ ओढीने नव्हे, तर बंध कापल्याने होतो. ओढ केवळ दिशा देते. हा पुरावा यीस्टमधील आहे. प्राण्यांच्या पेशींत बरेचसे कोहेसिन न कापताच आधी निघून जाते आणि सेपरेज मुख्यतः गुणसूत्रबिंदूजवळील उरलेले कोहेसिन कापते. तथापि लेव्हान यांच्या कांद्याने तर्कूविना विलगीकरणाची जी शक्यता सुचवली होती, तिचे रेणवीय स्पष्टीकरण बासष्ट वर्षांनी मिळाले.